पुरवणी बांधून राहिली होती

मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. त्या वर्षी मी एक चूक केली आणि मग ती झाकण्यासाठी दुसरी केली. दुसरी माझ्या मते पहिलीपेक्षा वाईट होती, कारण पहिली घाईत झाली होती आणि दुसरी मी टेबलाशी बसून, शाईच्या पेनने, शुद्धलेखन तपासून केली होती.

बारावीच्या परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला मी एका वर्गावर पर्यवेक्षक होतो. त्या दिवशी गावचा बाजार होता. तळ्यातली मासोळी तीन वाजेपर्यंतच मिळते, आणि घरून निघताना बायकोने मला ते दोनदा सांगितलं होतं. पेपर दोनला सुटायचा. शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाल्यापासून माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर होतं.

दुसऱ्या रांगेत एक मुलगी बसली होती. तिचे वडील तांदळाच्या गिरणीत पोती उचलायचे, आई विड्या वळायची. मुलगी हुशार होती, पण हुशार म्हणून ओळखली जात नव्हती, कारण ती फार बोलत नसे. तिला डी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं. तिने पहिली पुरवणी बाराच्या सुमारास घेतली आणि लगेच बांधली. दुसरी शेवटच्या अर्ध्या तासात घेतली. घंटा झाली तेव्हा ती दुसरी पुरवणी उत्तरपत्रिकेला बांधत होती. दोऱ्याचं एक टोक भोकातून बाहेर आलं होतं, दुसरं तिच्या दातात होतं.

"द्या, द्या, वेळ संपली," म्हणत मी उत्तरपत्रिका आणि सुटी पुरवणी दोन्ही तिच्या हातातून ओढली. "मी बांधतो."

तिच्या मागच्या बाकावर एक मुलगा होता. मुलगा म्हणायचं, पण तो बारावीला तिसऱ्यांदा बसलेला एकवीस वर्षांचा गडी होता. त्याची उत्तरपत्रिका मी गठ्ठ्यात तिच्या उत्तरपत्रिकेवर ठेवली, आणि सगळ्यांत वर ती सुटी पुरवणी. तिच्यावर माझी सही होती, पण घाईत मुलीने तिच्यावर बैठक क्रमांक लिहिला नव्हता. टेबलाशी येऊन मी ती बांधली. जिच्यावर ठेवली होती तिलाच बांधली. चांगली घट्ट, दुहेरी गाठ मारून. मग वाटलेल्या पुरवण्या आणि जमा झालेल्या पुरवण्या मोजल्या. आकडा जुळला. आकडा जुळला की माणूस निर्धास्त होतो. मी बाजारात गेलो. मासोळी मिळाली.

निकाल लागला तेव्हा ती मुलगी बाकी सगळ्या विषयांत चांगल्या गुणांनी पास आणि अर्थशास्त्रात एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. एका विषयात नापास म्हणजे डी.एड.चा फॉर्मसुद्धा भरता येत नव्हता. आणि मागच्या बाकावरचा तो गडी अर्थशास्त्रात अठ्ठेचाळीस गुण घेऊन पास. त्याच्या इतर विषयांतले गुण कसेबसे पस्तिशीवर चढलेले. शिक्षकांच्या खोलीत अर्थशास्त्राचे सर दोन दिवस आनंदात होते. म्हणाले, "माझ्या शिकवण्याचा उशिरा का होईना परिणाम झाला."

मला त्याच क्षणी कळलं होतं. ती दुहेरी गाठ माझ्या बोटांना आठवली. पण मी अर्थशास्त्राच्या सरांना म्हणालो, "अभिनंदन."

दुसऱ्या दिवशी मुलगी आणि तिचे वडील आले. वडील दारातच उभे राहिले.

"सर, माह्या पोरीचा एक पेपर कोठं गेला जी?"

"पेपर गेला नाही," मी म्हणालो. "गुण कमी पडले."

"बाबा, थांबा ना," मुलगी म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही. हिशेब बघतात तशी. "सर, मी दुसरी पुरवणी बांधून राहिली होती. तुमी पेपर ओढला. तुमी म्हटलं मी बांधतो. तुमी बांधली ना जी?"

"बांधली," मी म्हणालो. हे खरं होतं. कुणाला बांधली, हे तिने विचारलं नव्हतं.

गुणपडताळणीचा अर्ज करायचं ठरलं. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, ठरावीक फॉर्म असतो, तो शुल्कासह महाविद्यालयामार्फत मंडळाच्या विभागीय कार्यालयात जातो. फॉर्मबरोबर एक पत्र जोडून काय घडलं ते सांगावं, असं मीच सुचवलं, आणि लिहून द्यायचंही मीच कबूल केलं. मराठीचा शिक्षक म्हणून हे माझं काम होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की पत्र दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर त्यात माझा उल्लेख आला असता.

मी तिला सांगायला लावलं. ती म्हणाली, "मी पुरवणी बांधून राहिली होती, तेवढ्यात घंटा झाली आणि सरांनी पेपर ओढून नेला." मी तिचेच शब्द घेतले, कारण विद्यार्थिनीचं पत्र विद्यार्थिनीचं वाटलं पाहिजे. फक्त "सरांनी ओढून नेला" याच्या जागी "पेपर जमा झाला" केलं. पेपर आपोआप चालत जाऊन जमा झाला असं त्यातून वाटत होतं, आणि मला तेच हवं होतं. मग "मी" हा शब्दही काढला. तो राहिला असता तर वाचणाऱ्याने विचारलं असतं, की ही बांधत होती तर मग शेवटी बांधली कोणी? वाक्यात माणूसच ठेवायचा नाही, म्हणजे प्रश्न कुणाला विचारणार.

अशा रीतीने तयार झालेलं वाक्य हे होतं: "पुरवणी बांधून राहिली होती, तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली व पेपर जमा झाला."

वर्गात मी मुलांच्या वह्यांत "जाऊन राहिलो", "करून राहिलो" याखाली लाल रेघा मारत असे. "जात आहे लिहा, करत आहे लिहा," असं दहा वर्षं सांगत होतो. या वाक्याखाली मला रेघ मारावीशी वाटली नाही. आमच्या भागात कुणालाही विचारा, बांधून राहिली होती म्हणजे बांधण्याचं काम चालू होतं. मला तरी त्यात दुसरं काही दिसलं नाही.

मंडळाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. छापील नमुन्यात "गुणांत बदल नाही" यावर खूण होती, आणि खाली कुणी तरी सुवाच्य अक्षरात एक ओळ लिहिली होती: "अर्जदाराच्या स्वतःच्या कथनानुसार पुरवणी बांधलेली राहिली होती. उत्तरपत्रिकेस एक पुरवणी बांधलेली आढळली असून तिचे गुण दिलेले आहेत. सबब तक्रारीस आधार नाही."

मी ती ओळ चार वेळा वाचली. त्यात चूक काढायला जागा नव्हती. उत्तरपत्रिकेला एक पुरवणी बांधलेली होतीच, ती तिची पहिली. मुखपृष्ठावर पुरवण्यांच्या चौकटीतही तिने पहिली बांधतानाच "१" लिहिलं होतं, दुसरी बांधून झाल्यावर "२" करणार होती. आणि पत्र सांगत होतं की पुरवणी बांधून राहिली होती. वाचणाऱ्या माणसाने आणखी काय समजायचं?

मुलीच्या वडिलांनी ती ओळ मला मोठ्याने वाचायला लावली. मग ते म्हणाले, "म्हणजे आपणच लिहून देल्लं का सगळं बरोबर हाय म्हणून?"

"तसा अर्थ निघतो खरा."

"पत्र कोणं लिवलं?"

"मी."

"तुमी तं मराठीचे सर हाव ना जी?"



त्या संध्याकाळी मी घरी काहीही खाल्लं नाही. बायकोने विचारलं, "काऊन जी, तब्येत बरी नाई?" मी तिला सगळं सांगितलं, मासोळीपासून. ती ऐकून म्हणाली, "मासोळी तं बरी होती." थोड्या वेळाने म्हणाली, "सांगून टाका ना मंग. कायले पोटात ठेवता?"

मी रात्री सांगून टाकायला बसलो. मंडळाच्या विभागीय अध्यक्षांना फेरविचाराचं पत्र. साडेसहा पानं झाली. त्यात मी माझ्या बालपणीच्या एका चोरीचाही उल्लेख केला होता, स्वभावाची पार्श्वभूमी म्हणून. "या अजाण कन्येच्या आयुष्याशी खेळणारा तो करंटा हात माझाच" असं एक वाक्य होतं. "बांधून राहिली" या प्रयोगावर दीड पानाचं विवेचन होतं, आणि शेवटी, मंडळाने दिलेली कोणतीही शिक्षा मी प्रसाद म्हणून स्वीकारीन असं लिहिलं होतं. वाचून मला रडू आलं. खूप हलकं वाटलं.

सकाळी मी ते मुलीला वाचायला दिलं. मी तिच्यासमोर मान खाली घालून बसलो होतो. मला वाटलं, ती आता काही तरी बोलेल, माफ करेल किंवा करणार नाही. तिने शेवटचं पान संपवलं आणि पानं नीट एकावर एक जुळवली.

"सर, माहा बैठक क्रमांक कोठं हाय याच्यात?"

मी शोधला. चौथ्या पानावर होता.

"आणि मागच्याचा?"

तो नव्हता.

"साहेब हे वाचून रडतीन," ती म्हणाली. "पण पेपर कोणता काढाचा ते त्याईले कसं समजन जी? दोन पेपर बाजूबाजूले ठेवून पाहा, एवढंच तं म्हणाचं हाय आपल्याले."

"माझी चूक मी मांडली पाहिजे ना पण?"

"मांडा ना. एका ओळीत मांडा."

मी दुखावलो, हे कबूल करतो. आयुष्यातला पहिला प्रामाणिक मजकूर मी लिहिला होता आणि एक अठरा वर्षांची मुलगी त्यातून मलाच गाळत होती. पण तिने बाकावर कोरा कागद घेतला आणि विचारायला सुरुवात केली. तिला दोन पुरवण्या दिल्याची नोंद कुठे असते? पर्यवेक्षकाच्या पुरवणी नोंदपत्रात. बैठक क्रमांक, किती पुरवण्या, परीक्षार्थीची सही. ते कुठे आहे? मूळ मंडळाकडे, आणि कार्बन प्रत केंद्राकडे, म्हणजे आमच्याच कपाटात. मागच्या बाकावरच्याने पुरवणी घेतली का? नोंदपत्रात त्याच्या क्रमांकापुढे काही नाही. मग त्याच्या पेपरला आज एक पुरवणी असेल तर ती कुणाची? अक्षर कुणाचं?

"त्यानं लिहून देल्लं का पुरवणी घेतली नाई म्हणून, तं झालं," ती म्हणाली.

त्याने लिहून दिलं तर तो नापास होणार होता. मी एकाला बुडवलं होतं, आता तिला वर काढायला दुसऱ्याला बुडवायचं. मी तसं तिला म्हणालो.

"त्याले विचारा तं खरं," ती म्हणाली. "त्यानं नाई म्हटलं तं मी त्याच्याशिवाय पत्र पाठवीन."

कोहमाऱ्याला हायवेच्या चौकात त्याच्या वडिलांचा ढाबा होता. मी बसने गेलो. तो ट्रकच्या चाकाशी बसून पंक्चर काढत होता. शेजारी टायरच्या दुकानात तो रोज फुकट काम करायचा, कारण त्याला त्यातच रस होता. मला बघून उभा राहिला, हात पुसले.

"सर, या जी. चहा?"

मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना दोनदा माफी मागितली. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता, तो का, ते मला समजेना.

"म्हणजे ते अठ्ठेचाळीस माहे नाईत?"

"सगळे नाहीत."

"बाबा!" त्याने ढाब्याकडे तोंड करून हाक मारली. "अवो बाबा, इकडं या! मी म्हणून राहिलो होतो ना तुमाले!"

वडील झारा हातात घेऊन आले. मुलगा पास झाला म्हणून त्यांनी चौकात पेढे वाटले होते आणि त्याला गोंदियाला कॉलेजात बी.ए.ला घालायचं ठरवलं होतं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती. मुलगा महिनाभर सांगत होता की मला नाही जायचं, मला टायरचं दुकान टाकायचं आहे, आणि ते म्हणत होते, अर्थशास्त्रात अठ्ठेचाळीस घेणारा पोरगा पंक्चर काढत नाही.

मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी झाऱ्यावरचं तेल खाली निथळू दिलं.

"हा पास झाला तवाच मले डाऊट आला होता," ते म्हणाले.

"तुमी तं पेढे वाटले!" मुलगा म्हणाला.

"डाऊट आला तरी पेढे वाटा लागते. लोकं इचारतात."

त्याने तिथेच, ढाब्याच्या टेबलावर, माझ्या पेनने लिहून दिलं: "मी अर्थशास्त्राच्या पेपरला पुरवणी घेतली नव्हती. मला दिलेल्या पानांतलीच सहा पानं कोरी उरली होती." खाली सही, बैठक क्रमांक. मग मला म्हणाला, "सर, ऑक्टोबरमधी बसतो मी परत. पण तुमी त्या दिवशी ड्युटीवर नका येऊ जी. नाई तं परत पास करून टाकसान."

अपिलाचं पत्र शेवटी एक पान आणि चार ओळींचं झालं. मजकूर बहुतेक तिचा होता. मी फक्त लिपिकाचं काम केलं. दोन्ही बैठक क्रमांक पहिल्याच ओळीत होते. त्यातला महत्त्वाचा भाग असा होता:

"मी दोन पुरवण्या घेतल्या. केंद्राच्या पुरवणी नोंदपत्रात दोन्हींची नोंद व माझी सही आहे. प्रत जोडली आहे. मंडळास माझ्या उत्तरपत्रिकेत एकच पुरवणी मिळाली. दुसरी पुरवणी मी बांधत होते, तेव्हा वेळ संपली व पर्यवेक्षकांनी ती सुटी घेतली. ती त्यांनी चुकून माझ्या मागील परीक्षार्थीच्या उत्तरपत्रिकेस बांधली, असे त्यांचे लेखी निवेदन सोबत आहे. मागील परीक्षार्थीने पुरवणी घेतली नव्हती. त्याचे निवेदन व नोंदपत्र दोन्ही तसे दर्शवतात. पूर्वीच्या अर्जातील 'पुरवणी बांधून राहिली होती' या वाक्याचा अर्थ 'मी पुरवणी बांधत होते' असा आहे. विनंती एवढीच की दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून अक्षर व पुरवण्यांची संख्या पाहावी. अर्थशास्त्राच्या गुणांवर माझा डी.एड.चा प्रवेश अवलंबून आहे. दुसरी यादी लवकरच लागेल."

माझं निवेदन एका ओळीत मावलं नाही, पण तीन ओळींत मावलं. "मी ओढली. मी मागच्याच्या पेपरला बांधली. मी तपासली नाही." तिने ते वाचून होकार दिला. फक्त "ओढली"च्या जागी "घेतली" करा म्हणाली, भांडण झाल्यासारखं वाटतं.

पत्र प्राचार्यांमार्फत जायचं होतं. प्राचार्य गोंदिया शहरातले होते, अर्ध्या हिंदीत बोलायचे. त्यांनी माझं निवेदन वाचून चष्मा काढला.

"गुरुजी, ये क्या कर रहे हो? मेमो आएगा तुमको."

"हो."

"इन्क्रिमेंट रुकेगा."

"रुकू द्या."

"अरे, पर लिखा क्यों? बोल देते, लडकी को याद नहीं."

"तिला आठवतं, सर. मलाही आठवतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, जणू मला ताप आहे का ते बघत होते. मग शिक्का मारला. म्हणाले, "ठीक आहे. पण केंद्र संचालक मी होतो, हे कुठे लिहिलं नाही ना?"

"नाही, सर."

"बढिया पत्र है."

दहा दिवसांत बोलावणं आलं. मुलगी, तिचे वडील आणि मी विभागीय कार्यालयात गेलो. ज्या अधिकाऱ्यासमोर बसलो ते पश्चिम महाराष्ट्रातून नुकतेच बदलून आलेले होते, बोलण्यात फार नम्र. पहिल्या अर्जावरची ती सुवाच्य ओळ त्यांचीच होती, ते त्यांनीच सांगितलं.

"पत्र उत्तम आहे," ते मुलीला म्हणाले. "मुद्दे स्पष्ट आहेत. पण एक गोष्ट मला अजून कळली नाही. 'बांधून राहिली होती' याचा अर्थ 'बांधत होते' असा कसा होतो? राहिली म्हणजे राहिली. बांधून राहिली म्हणजे बांधलेलीच राहिली ना?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे दीड पानाचं विवेचन तयार होतं. मुलीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मी तोंड मिटलं.

तेवढ्यात शिपाई दारातून डोकावला. इथलाच माणूस होता.

"साहेब, चहा आणून राहिलो," तो म्हणाला, आणि निघून जाऊ लागला.

"थांबा," साहेब म्हणाले. "आणला की नाही?"

"आणून राहिलो ना जी."

"म्हणजे आणला?"

"नाई, साहेब. आणून राहिलो. म्हणजे खाली जाऊन राहिलो, मंग आणीन."

साहेबांनी टेबलावरच्या काचेकडे बघितलं. काचेवर कप नव्हता. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक ओळख उमटली, आणि तिच्यामागोमाग संताप.

"चार महिने," ते म्हणाले. "चार महिने हा मला सांगतोय, फाइल येऊन राहिली. आणि मी सगळी कपाटं शोधतोय, की आली तर राहिली कुठे!"

मुलीचे वडील खो खो हसले. मग आपण कुठे आहोत हे आठवून थांबले. साहेबही हसले. मीही हसलो, पण उशिरा, आणि एकट्याने, म्हणून ते बरं दिसलं नाही.

दोन्ही उत्तरपत्रिका आत मागवल्या गेल्या. आम्हाला त्या दाखवल्या नाहीत, तसा नियम नव्हता. मुलीकडून एका कागदावर दहा ओळी लिहून घेतल्या, अक्षर ताडून बघण्यासाठी. माझा जबाब घेतला. लिहून घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, "गाठ कशी मारली होती?" मी म्हणालो, "दुहेरी." तो आत गेला आणि येऊन म्हणाला, "दुहेरीच आहे. सुटता सुटेना."

सुधारित गुणपत्रिका आली तेव्हा तिला अर्थशास्त्रात अठ्ठावन्न होते. मागच्या बाकावरच्याला एकोणीस. त्याचा मला ढाब्यावरून फोन आला, की बाबांनी दुकानासाठी जागा बघितली. मला मेमो आला. "कडक समज" देण्यात आली होती आणि दोन वर्षं परीक्षेच्या कोणत्याही कामावर न घेण्याचा आदेश होता. मी तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला, कारण लपवणं मी सोडलं होतं. मला वाटलं, ते माझी कीव करतील. फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्यात तीन-तीन तास उभं राहणारे माझे सहकारी एकमेकांकडे बघू लागले. इतिहासाचे सर म्हणाले, "दोन वर्षं? नेमकी कोणाची पुरवणी कोणाला बांधायची असते?" अर्थशास्त्राचे सर मात्र दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सुधारित गुणपत्रिका जोडून तिने डी.एड.चा फॉर्म भरला. दुसरी यादी लागली. तिचं नाव तीत होतं, आणि प्रवेश घ्यायचा तो शेवटचा दिवस होता. आम्ही गोंदियाला गेलो. मी गेलो नसतो तरी चाललं असतं, पण मला घरी बसवेना. खिडकीवरच्या कारकुनाने गुणपत्रिका उलटसुलट केली.

"सुधारित काऊन हाय?"

"चूक झाली होती जी, दुरुस्त झाली," ती म्हणाली. तिने अपिलाच्या निर्णयाची प्रत पुढे सरकवली. तो वाचून त्याने शिक्के मारले, पावती फाडली आणि दिली. वडिलांनी पावतीकडे हात केला, पण तिने ती दिली नाही. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि एकेक अक्षर वाचू लागली. मी तिच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मग माझ्याही येईल, तशी मी तयारी ठेवली होती.

ती सरळ खिडकीवर परत गेली.

"साहेब, बाबांच्या नावात एक अक्षर चुकलं."

"चालते. बारीक गोष्ट आहे."

"नाई चालत जी. दुरुस्तीचा अर्ज करा लागन का?"

कारकुनाने उसासा टाकून एक कोरा कागद खिडकीतून बाहेर दिला. मी लगेच पुढे झालो, खिशातून पेन काढलं.

"दे, मी लिहून देतो."

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि कागद स्वतःपुढे ओढला.

"सर, तुमी बाबांजवळ बसा जी," ती म्हणाली. "हा मी लिवीन."